सेल्फीवरून कार्टून अवतार : गोड दिसतो, पण "तो" दिसत नाही

मोरपीस

नमस्कार मंडळी. आमच्या टीमच्या ग्रुपसाठी मी सगळ्यांचे कार्टून अवतार काढते आहे. एकूण आठ जण. क्रिटामध्ये काढते, सेल्फी खालच्या लेअरवर ठेवायचा, वर नवा लेअर घेऊन रेघा मारायच्या, मग सपाट रंग भरायचे. सात जणांचे बरे जमले. आठव्याशी मात्र पंधरा दिवस झगडते आहे.

त्याचं वर्णन देते. चेहरा लांबट, भुवया जाड आणि सरळ, डोळे बारीक. डाव्या भुवईत जुन्या जखमेची एक फट आहे, तिथे केस उगवत नाहीत. हसताना ओठांची एकच बाजू वर जाते. म्हणजे ओळखायला अत्यंत सोपा माणूस! तरी माझा अवतार पाहून सगळे म्हणतात, "छान आहे, कोण आहे हा?" मी सेल्फीवरूनच गिरवलं आहे, फक्त कार्टून वाटावं म्हणून डोळे मोठे केले, नाक छोटं केलं आणि हनुवटी जरा आत घेतली. बाकीच्या सात जणांनाही हेच केलं होतं.

नेमकं कुठे चुकतंय? चित्र इथे टाकू शकत नाही, त्याची परवानगी घेतलेली नाही. पण विचाराल ती मापं देईन.

दुपारचा_वारा

अवतार छोट्या गोलात दिसतो ना, म्हणून ओळखू येत नसेल. मूळ चित्र ५१२ बाय ५१२ चं ठेवा, चौकोनाचे चारही कोपरे रिकामे सोडा आणि पीएनजी म्हणून जतन करा. जेपेगमध्ये सपाट रंगांच्या कडांना घाण दिसते. माझ्या चित्राचंही असंच व्हायचं, फाइल बदलल्यावर स्वच्छ दिसायला लागलं.

मोरपीस

धन्यवाद, कोपऱ्यांचं लक्षात ठेवते. पण चित्र अगदी स्वच्छ दिसतं आहे हो. मोठ्या पडद्यावरही तो माणूस ओळखू येत नाही, ही अडचण आहे.

टिपकागद

सगळा खेळ डोळ्यांचा असतो. डोळे हुबेहूब आले की बाकी काहीही चालतं. तुम्ही डोळेच मोठे केलेत, तिथेच माणूस हरवला. डोळे सेल्फीत आहेत तेवढेच ठेवा, काम होईल.

खिडकी

इतकं कशाला करायचं? तयार फिल्टर असतात, फोटो दिला की दोन सेकंदांत कार्टून. मी माझा तसाच केला आहे.

शाईदान

मोरपीस ताई, मी बरीच वर्षं व्यंगचित्रं आणि अर्कचित्रं काढतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टिपकागद यांचं निम्मं बरोबर आहे. तुमची चूक डोळ्यांच्या भागात आहे, पण डोळ्यांच्या आकारात नसावी. चेहरा ओळखण्यात भुवयांचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. २००३ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून कधी डोळे पुसले, कधी भुवया पुसल्या आणि लोकांना ओळखायला सांगितलं. भुवया पुसलेले चेहरे ओळखणं लोकांना जास्त जड गेलं. डोळे मोठे केले तरी माणूस टिकतो. भुवई, डोळा आणि दोन डोळ्यांमधली जागा यांचं एकमेकांशी असलेलं नातं बिघडलं की माणूस जातो.

खिडकी यांच्या फिल्टरबद्दल माझा अनुभव असा की फिल्टर प्रत्येक चेहरा त्याच्या शैलीतल्या ठरलेल्या चेहऱ्याकडे ओढतो. मोठे डोळे, टोकदार हनुवटी, गुळगुळीत गाल. ज्याचा चेहरा मुळात तसाच असतो त्याचा अवतार जमतो. लांब जबड्याच्या माणसाचा तो जबडाच काढून घेतला जातो. ताई, तुम्ही हाताने नेमकं हेच केलं आहे. बाकी सात जणांना ते चाललं, कारण त्यांची ओळख हनुवटीत नसावी.

आता मला मापं द्या. फोटो असा लहान-मोठा करा की केस सुरू होतात तिथपासून हनुवटीच्या टोकापर्यंत ३०० पिक्सेल भरतील. मग तीन अंतरं मोजा : केसांपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत, नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंत. शिवाय एका डोळ्याची रुंदी आणि दोन डोळ्यांमधली जागा. हेच सगळं तुमच्या चित्रावरही मोजा.

पण त्याआधी एक विचारतो. सेल्फी हात लांब करून काढलेला आहे का?

मोरपीस

हो, हातात फोन धरूनच. चेहऱ्याच्या बराच जवळ आहे. कान जवळजवळ दिसतच नाहीत.

शाईदान

मग त्यावरून मोजू नका. कान दिसत नाहीत हीच खूण. फोन जवळ असला की नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान त्या मानाने बरेच लांब, म्हणून नाक फुगतं आणि चेहऱ्याच्या कडा मागे पळतात. २०१८ मध्ये यावर एक अभ्यास आला होता. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोशी तुलना केली, तर साधारण ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याच्या मानाने नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. आपण एकमेकांना रोज दीड-दोन मीटरवरून पाहतो, आठवणीतला चेहरा त्या अंतरावरचा असतो.

त्याला सांगा, फोन डोळ्यांच्या उंचीवर कुठेतरी टेकवून ठेव, टायमर लाव आणि दीड मीटर मागे उभा राहा. चेहरा लहान वाटला तर दुप्पट झूम करावं, पुढे सरकू नये. चेहरा गुळगुळीत करणारी सेटिंग बंद हवी. उजेड समोरून थोडा एका बाजूने आला तर हाडांची ठेवण कळते. मान सरळ, चेहरा स्वाभाविक. हसरा फोटो वेगळा काढायचा.

ओंजळभर

मी मध्ये बोलते आहे, पण हे फार जवळचं आहे म्हणून राहवत नाही. माझ्या बहिणीचा अवतार तिच्या मैत्रिणीने काढला होता. बहिणीचे पुढचे दोन दात थोडे मोठे आहेत. मैत्रिणीने तेच मोठे करून काढले. बघताक्षणी ओळखू आली ती, अगदी एका नजरेत. पण बहीण दोन दिवस बोलली नाही कुणाशी. लहानपणी तिला त्या दातांवरून चिडवायचे. तेव्हा हुबेहूब काढणं म्हणजे नेमकं काय काढणं, याचा विचार करा ही विनंती.

टिपकागद

शाईदान, भुवयांचं माहीत नव्हतं. पण तरी मला वाटतं, गिरवण्यात चूक होऊच कशी शकते? फोटोवर तंतोतंत रेघ मारली तर ती चुकीची कशी ठरेल?

शाईदान

टिपकागद, करून बघा. फोटोत नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी जी घडी असते ती खरं तर मऊ सावली आहे. तिच्यावर काळी रेघ मारली की माणूस एकदम वीस वर्षांनी म्हातारा होतो. फोटोत सावलीला कमी-जास्त गडदपणा असतो, रेघेला तो नसतो. म्हणून गिरवताना प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं की ही कड आहे की सावली. जबडा, वरची पापणी, भुवई, दोन ओठांमधली फट, नाकपुड्या या कडा आहेत, तिथे रेघ चालते. गालाची घडी, डोळ्यांखालचा भाग, नाकाचा दांडा या सावल्या आहेत. त्या एक तर सोडायच्या, नाही तर त्वचेपेक्षा किंचित गडद रंगाचा सपाट तुकडा ठेवायचा.

ओंजळभर ताई, तुमच्या मुद्द्यावर घाईने उत्तर देत नाही. परत येतो.

मोरपीस

आज नवा फोटो मिळाला. सांगितलं तसाच, दीड मीटरवरून. आता कान दिसतात, आणि नाक जुन्या सेल्फीपेक्षा इतकं बारीक आहे की मला आधी वाटलं मीच काहीतरी चुकीचं बघते आहे.

मापं (एकूण ३०० धरून) :
फोटोत केस ते भुवई ८२, भुवई ते नाकाचं बूड ९२, नाकाचं बूड ते हनुवटी १२६. डोळ्याची रुंदी ४६, दोन डोळ्यांमधली जागा ३८.
माझ्या जुन्या चित्रात वरचा भाग ११०, मधला १०२, खालचा ८८. डोळ्याची रुंदी ७०, मधली जागा ६२.

शाईदान

तुमचं उत्तर या आकड्यांतच आहे, पाहा.

चित्रकार शिकताना एक सर्वसाधारण चेहरा मनात धरतात. त्यात ते तीन भाग सारखे, म्हणजे १००-१००-१००, आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा. खरा माणूस सहसा असा नसतो, पण मोजायला पट्टी म्हणून हा चेहरा चांगला. तुमच्या मित्राचा खालचा भाग १२६, म्हणजे पट्टीपेक्षा २६ ने जास्त. तीच त्याची मोठी ओळख. तुम्ही तो भाग ८८ केलात. लांब जबड्याचा माणूस आखूड जबड्याचा झाला. नुसता सौम्य केला असतात तर कदाचित चाललं असतं, पण तुम्ही पट्टी ओलांडून उलट्या दिशेला गेलात.

डोळ्यांचंही तसंच. त्याची मधली जागा ३८ आणि डोळा ४६, म्हणजे डोळे किंचित जवळ-जवळ आहेत. बुबुळापासून बुबुळापर्यंत ४६ अधिक ३८, म्हणजे ८४. तुमच्या चित्रात ७० अधिक ६२, म्हणजे १३२. मोठ्या डोळ्यांना जागा हवी म्हणून तुम्ही ते बाहेर ढकललेत. डोळे मोठे केल्याने बिघडलं नाही, लांब सरकवल्याने बिघडलं.

आता उलट करायचं. जिथे तो पट्टीपेक्षा वेगळा आहे, तो वेगळेपणा आणखी निम्म्याने वाढवायचा. खाली २६ जास्त आहे, त्याचं ३९ करा, म्हणजे १३९. वर १८ कमी आहे, त्याचं २७ कमी, म्हणजे ७३. मधे ८ कमी आहे, त्याचं १२ कमी, म्हणजे ८८. बेरीज पुन्हा ३०० येते, उंची बदलत नाही. सुझन ब्रेनन यांनी १९८० च्या दशकात संगणकावर अर्कचित्रं काढण्याची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच : सरासरी चेहऱ्यापासूनचा फरक मोजा आणि तो फरक वाढवा. निम्मं हा आकडा माझ्या हातचा आहे. अवतारासाठी पाव ते निम्मं मला पुरतं, त्याच्या पुढे गेलं की ते अर्कचित्र होतं.

डोळे कार्टूनसारखे मोठे हवेत ना? मग रुंदीत थोडेच वाढवा, ५६ पर्यंत. बाकी वाढ उंचीत द्या. मधली जागा ३० ठेवा. बुबुळांमधलं अंतर ८६ येईल, मूळच्या ८४ च्या जवळच. वरच्या पापणीचा उतार मात्र बदलू नका. डोळ्याचा आतला कोपरा वर आहे की बाहेरचा, हे फोटोतून जसंच्या तसं घ्या. आणि डोळा उंच झाला म्हणून भुवई वर ढकलू नका. वाढलेली उंची खालच्या बाजूला द्या.

गेरू

रंगाबद्दल एक जोडते, कारण आमच्याकडे तिथेच ओळख जाते. ड्रॉपरने त्वचेचा रंग उचलताना बरेच जण कपाळावरचा चमकणारा भाग उचलतात आणि माणूस आहे त्यापेक्षा दोन छटा उजळ होतो. गालाचा मधला, ना उजेडातला ना सावलीतला भाग उचला. तीन-चार जागी उचलून पाहा. सावळ्या त्वचेची सावली करताना काळा मिसळू नका, रंग राखेसारखा मेलेला दिसतो. तोच रंग गडद करून थोडा तांबूस बाजूला न्या, गडदपणाबरोबर रंगाची तीव्रताही किंचित वाढवा. माझा स्वतःचा अवतार एका ओळखीच्या व्यक्तीने उजळ रंगात काढून दिला होता. रेघ न् रेघ बरोबर होती, तरी ती मी नव्हते.

मोरपीस

गेरू, बरं झालं सांगितलंत. मी कपाळावरूनच रंग उचलला होता.

शाईदान दादा, आकड्यांप्रमाणे नवा सांगाडा काढला. नुसत्या रेघा आहेत, रंग नाही, आणि मला स्वतःला तो दिसायला लागला! पण एक विचित्र झालं. त्याला दाखवला तर तो म्हणतो, "हा मी नाही, काहीतरी उलटं वाटतंय." बाकीच्यांनी मात्र लगेच ओळखला. कुणाचं धरू?

शाईदान

भुवईतली फट चित्रात कोणत्या बाजूला आहे? आणि नव्या फोटोत शर्टावर काही अक्षरं आहेत का?

मोरपीस

फट त्याच्या डाव्या भुवईत, म्हणजे चित्रात आपल्या उजव्या हाताला. शर्टावर अक्षरं आहेत, सरळ वाचता येतात. थांबा, जुना सेल्फी बघते.

जुन्या सेल्फीत शर्टावरची अक्षरं उलटी आहेत! म्हणजे जुना अवतार मी आरशातल्या चेहऱ्यावरून काढला होता. फट चुकीच्या बाजूला होती आणि तिरकं हसूही चुकीच्या बाजूला. माझ्या लक्षातच आलं नाही.

शाईदान

पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो काही फोन उलटा करून जतन करतात, काही सरळ करून. सेटिंगवर अवलंबून असतं. अक्षरं पाहणं हा सगळ्यात सोपा तपास.

आता तुमचा प्रश्न. माणूस स्वतःला आरशात पाहतो, बाकीचे त्याला समोरून पाहतात. १९७७ मध्ये मिटा, डर्मर आणि नाइट यांनी एक प्रयोग केला होता. लोकांना स्वतःच्या फोटोची आरशासारखी उलटी प्रत जास्त आवडली, त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ प्रत. त्याला उलटं वाटतंय ते त्याच्या बाजूने खरं आहे. अवतार इतरांनी ओळखावा म्हणून काढायचा असेल तर सरळ ठेवा. त्याच्या चेहऱ्यात दोन्ही बाजूंचा फरक ठळक आहे, म्हणून त्याला जास्त खटकलं.

टिपकागद

इथे मी असहमत. अवतार त्याचा आहे, त्याला रोज बघायचा आहे. त्याला उलटा हवा असेल तर उलटा द्यावा. फट डावीकडे की उजवीकडे, हे इतर कुणाच्या लक्षात राहत असेल असं मला वाटत नाही.

शाईदान

फटीचं कदाचित लक्षात राहणार नाही. तिरक्या हसण्याचं राहील असं मला वाटतं. पण खात्रीने सांगता येणार नाही. दोन्ही करून लोकांना दाखवणं हाच मार्ग. क्रिटात `M` दाबलं की दृश्य उलटं होतं, चित्र बदलत नाही. काढतानाही मी ते सतत दाबतो, एक डोळा वर-खाली गेला असेल तर लगेच दिसतो.

दाखवताना मात्र "हा अमक्यासारखा दिसतो का?" असं विचारू नका. नाव सांगितलं की लोक साम्य शोधतात आणि हो म्हणतात. आठही अवतार नावांशिवाय एकत्र ठेवा, ४८ पिक्सेलचे करा आणि विचारा, "कोण कोण आहे?"

ओंजळभर

दादा, माझा प्रश्न राहिला.

शाईदान

राहिला नाही ताई, विचार करत होतो. माझ्या हातूनही एकदा असं दुखावणं झालं आहे, म्हणून सावध लिहितो.

एका चेहऱ्यात पट्टीपेक्षा वेगळ्या बहुधा तीन-चार गोष्टी असतात. सगळ्या वाढवायला लागत नाहीत, दोन पुरतात. तेव्हा माणसालाच आधी विचारावं, चेहऱ्यातलं काय तुला नको आहे? ते फोटोत आहे तेवढंच ठेवायचं, वाढवायचं नाही, पुसायचंही नाही. पुसलं तर तेही त्याला कळतं. वाढ दुसरीकडे द्यायची : भुवयांची जाडी, केसांचा आकार, मानेची लांबी, चष्म्याची चौकट. तुमच्या बहिणीचा अवतार बंद ओठांच्या हसण्यातही ओळखू आला असता असं मला वाटतं, पण चेहरा पाहिल्याशिवाय नक्की नाही सांगू शकत. कधी कधी माणसाची ओळख आणि त्याचं दुखणं एकाच जागी असतं. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

ओंजळभर

आधी विचारायचं, हे पटलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

खिडकी

माझा फिल्टरवाला अवतार काल घरच्यांना नावाशिवाय दाखवला. दोघांनी माझ्या भावाचं नाव घेतलं. मोजून पाहिलं, माझा नाकाखालचा भाग ११८ आहे आणि फिल्टरने ९५ केला आहे. आता त्याच चित्रावर जबडा खाली ओढून बघतो आहे. गालाची कड कुठून वळवायची ते जमत नाही.

शाईदान

नुसती हनुवटी ओढली की चेहऱ्याला शेपूट फुटल्यासारखं दिसतं. जबडा कानाखाली जिथे वळतो तो कोपरा फोटोत किती खाली आहे ते पाहा. बहुतेक वेळा तो ओठांच्या आसपासच्या उंचीवर असतो. आधी तो कोपरा हलवा, मग हनुवटी, मग ओठ. ओठांनाही खाली सरकावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

मोरपीस

निकाल सांगते. त्याला विचारलं, हनुवटी वाढवलेली चालेल का. म्हणाला, जबडा चालेल, पण फट नको, ती अपघाताची आहे. मला तर तीच त्याची सगळ्यात मोठी खूण वाटत होती. मग भुवई वाढवलेल्या जाडीने काढली आणि फट फोटोत आहे तेवढीच, एका पातळ तिरक्या रेघेएवढी ठेवली. छोट्या आकारात ती दिसतच नाही. रंग गालावरून घेतला. गालाची घडी पूर्ण काढून टाकली.

आठही अवतार नावांशिवाय, ४८ पिक्सेलचे करून, दुसऱ्या टीममधल्या सहा जणांना दाखवले. त्याला सहाही जणांनी ओळखलं. मात्र आधी ज्यांना मी "बरे जमले" म्हटलं होतं, त्या सातपैकी दोघींची सगळ्यांनी अदलाबदल केली. दोघींचे केस सारखे, दोघींना चष्मा. मी दोघींना एकच डोळे आणि एकच हनुवटी दिली होती.

उद्या दोघींना दीड मीटरवरून फोटो मागते. चष्म्याच्या काचेमुळे डोळा आहे त्यापेक्षा लहान दिसतो, तो मोजताना काय करायचं? चष्मा काढून मोजू की घालून?

शाईदान

दोन्ही फोटो घ्या. लोक तिला चष्म्यातच पाहतात, म्हणून डोळा काचेतून दिसतो तेवढाच धरा. भुवईचा आकार मात्र चष्मा काढलेल्या फोटोतून घ्या, चौकटीआड अर्धी झाकलेली असते. आणि चौकटीची वरची कड भुवईच्या वर येते, तिच्यावरून जाते की खाली राहते, हे दोघींचं वेगवेगळं असेल. आधी ते बघा.